फर्म काय करते, हे पहिल्या पाच ओळींत सांगा

'आमच्या वेबसाइटवर आपलं हार्दिक स्वागत. १९९४ साली स्थापन झालेली आमची फर्म ऑडिट, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर, कंपनी कायदा आणि वित्तीय सल्ला या सर्व क्षेत्रांत दर्जेदार, सर्वंकष आणि वेळेवर सेवा देते. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय.'

पुण्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंट फर्मच्या होमपेजवर हा मजकूर होता. वर हस्तांदोलनाचा फोटो, खाली सतरा सेवांची यादी आणि अगदी तळाशी पत्ता. मजकुरात खोटं काहीच नव्हतं. अडचण अशी की साल बदललं तर तो राज्यातल्या कुठल्याही फर्मला चालला असता. वाचणाऱ्याला आपलं काम इथे होईल की नाही, हे तो सांगत नव्हता. या फर्मचं होमपेज नव्याने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा जे करावं लागलं त्यातला बराचसा भाग लिहिण्याचा नव्हता, विचारण्याचा होता.

हिशेबनिसाकडे माणूस हौसेने जात नाही. नोटीस आलेली असते, तारीख जवळ आलेली असते किंवा मोठा व्यवहार तोंडावर असतो. तो मोबाइलवर शोधतो, तीन-चार फर्मची पानं उघडतो आणि प्रत्येकावर काही क्षणच थांबतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: हे लोक माझं काम करतात का, माझ्यासारख्यांचं करतात का, आणि आता मी काय करू. यातलं 'काय करतो' हे बहुतेक फर्म लांबलचक यादीतून सांगतात. 'कोणासाठी' हे सांगतच नाहीत. आणि 'पुढे काय' याचं उत्तर 'संपर्क साधा' या दोन शब्दांवर सोडून देतात.

पहिल्या बैठकीत दोन्ही भागीदार होते. ज्येष्ठ भागीदारांना सगळे सर म्हणतात. धाकट्या भागीदार त्यांच्याकडेच आर्टिकलशिप करून पुढे भागीदार झालेल्या. मी विचारलं, की तुमचा ग्राहक कोण? सर म्हणाले, "सगळेच. आलेल्याला परत कशाला पाठवायचं?" ही भीती जवळजवळ प्रत्येक फर्ममध्ये असते. एकाचं नाव घेतलं की बाकीचे जातील, असं वाटतं. म्हणून होमपेज सगळ्यांशी बोलायला जातं आणि ते आपल्याशी बोलतंय असं कुणालाच वाटत नाही.

यावर वाद घालण्यापेक्षा कागद बघावेत. आम्ही दोन कागद काढले. एक, मागच्या वर्षीच्या फीच्या बिलांची यादी, ग्राहकांच्या प्रकारानुसार लावलेली. दुसरा कागद जास्त मोलाचा निघाला: बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंची वही. फोन कुणाचा, काय विचारलं, नंबर कुठून मिळाला, हे त्या वर्षानुवर्षं लिहीत आल्या होत्या.

बिलांवरून दिसलं की फर्मचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भोसरी-चाकण भागातल्या छोट्या कारखान्यांकडून येतं: मशिनिंग करणारे, पत्र्याचे भाग बनवणारे, मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे. वही मात्र वेगळंच सांगत होती. हे कारखानदार वेबसाइटवरून आलेच नव्हते. ते एकमेकांच्या सांगण्यावरून आलेले. वेबसाइट पाहून फोन करणाऱ्यांत सर्वांत जास्त संख्या होती परदेशात राहणाऱ्या आणि पुण्यातला फ्लॅट किंवा वडिलोपार्जित जागा विकू पाहणाऱ्या मराठी माणसांची. न्यू जर्सी, लंडन, दुबई, सिडनी. त्यांना इथे विचारायला शेजारी नसतो, म्हणून ते इंटरनेटवर शोधतात.

होमपेज नेमकं कुणासाठी, याचा उलगडा इथे होतो. ओळखीतून येणारा माणूस आधीच अर्धा ठरवून आलेला असतो. त्याला फक्त फर्म खरी आहे, पत्ता अमुक आहे आणि आपल्यासारख्यांचं काम इथे चालतं, एवढी खात्री हवी असते. अनोळखी माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून उत्पन्न कारखान्यांचं जास्त असलं तरी मजकुराचा जास्त भार परदेशस्थांच्या वाट्याला जायला हवा. हे सरांना सुरुवातीला पटलं नाही. ताईंची वही त्यांनी स्वतः चाळली, तेव्हा पटलं.

मग शीर्षक. होमपेजवरची सर्वांत मोठ्या अक्षरातली ओळ बहुतेक ठिकाणी घोषवाक्य असते: विश्वास, गुणवत्ता, प्रगतीचा साथीदार. त्या जागी आम्ही साधी ओळख लिहिली: 'पुणे परिसरातले छोटे कारखाने आणि पुण्यात जागा असलेले परदेशस्थ भारतीय यांच्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट.' ही ओळ नटवी नाही, पण तिच्यात पेशा आहे, गाव आहे आणि दोन माणसं आहेत. शोधयंत्राच्या यादीत पानाचं जे नाव दिसतं, तिथेही हीच ओळ थोडी आखडून दिली. तिथे आधी 'होम' एवढाच शब्द होता. कितीतरी फर्मच्या पानांना आजही हेच नाव आहे.

शीर्षकाखाली दोन परिच्छेद, प्रत्येक गटासाठी एक. परदेशस्थांचा परिच्छेद लिहिण्याआधी त्यांची अडचण नीट समजून घ्यावी लागली, कारण ती त्यांना स्वतःलाही पुरती माहीत नसते. एक उदाहरण घेऊ. विकणारा भारतात राहणारा असेल आणि जागा ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, तर घेणारा १ टक्का कर कापून सरकारजमा करतो. ९० लाखांवर ९० हजार. विकणारा परदेशस्थ असेल तर हिशेबच बदलतो. जागा दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडे असेल, तर कर साडेबारा टक्के आणि वर अधिभार-उपकर. आणि कर खरं तर नफ्यावर असला तरी विक्रेत्याचा नफा किती, हे ठरवायला घेणाऱ्याकडे काही आधार नसतो. म्हणून व्यवहारात तो पूर्ण किमतीवर कापला जातो. ५५ लाखांना घेतलेला फ्लॅट ९० लाखांना विकला, तर नफा ३५ लाख आणि त्यावरचा कर साडेचार लाखांच्या आसपास. पण कापले जातात सव्वाअकरा लाख आणि त्यावर आणखी काही. वरचे सात-आठ लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकून पडतात.

यावर उपाय आहे. प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करून कमी दराने कपातीचा दाखला मिळवता येतो. पण तो पैसे हातात येण्याआधी मिळवावा लागतो आणि त्याला काही आठवडे लागतात. वहीतले निम्मे फोन इसार घेऊन झाल्यावर, कधी तर खरेदीखत झाल्यावर आलेले होते. म्हणजे या माणसांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती कोणती, तर कधी यायचं ही. जुन्या मजकुरात तीच नव्हती. नवा परिच्छेद असा झाला:

'तुम्ही परदेशात राहता आणि पुण्यातली जागा विकायची आहे? इसार घेण्याआधी आमच्याशी बोला. विक्रीवर किती कर कापला जाईल ते काढून देतो, कमी दराने कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज करतो, विक्रीनंतर विवरणपत्र भरतो आणि पैसे परदेशी पाठवायला बँकेला लागणारं प्रमाणपत्र देतो. करारनामा लिहिणं आणि मालकीहक्काची तपासणी हे वकिलाचं काम आहे. ते आम्ही करत नाही.'

यातली क्रियापदं पाहा: काढून देतो, अर्ज करतो, भरतो, देतो. 'अनिवासी भारतीय कर सल्ला सेवा' असं नाव दिलं असतं तर वाचणाऱ्याला नेमकं काय होणार ते कळलं नसतं. सेवेच्या नावाऐवजी केलेलं काम लिहिलं, की फर्मलाही आपण काय कबूल करतोय ते दिसतं. शेवटच्या वाक्यावर मात्र बराच खल झाला. धाकट्या भागीदारांचं म्हणणं, नकार होमपेजवर कशाला? पण वहीतले कितीतरी फोन करारनाम्यासाठीच होते, आणि प्रत्येकाला दहा मिनिटं बोलून शेवटी नाही म्हणावं लागत होतं. ते वाक्य राहिलं. माझ्या मते अशी एक तरी 'नाही'ची ओळ प्रत्येक फर्मने लिहावी. ती वाचून बाकीच्या 'हो'वर विश्वास बसतो.

कारखान्यांच्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट समोर आली. भागीदारांनी लिहून दिलेलं वाक्य होतं, 'जीएसटीची सर्व कामं वेळेवर.' कारखानदाराला वेळेवर म्हणजे काय हवं असतं? त्याने मोठ्या कंपनीला माल दिलेला असतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला महिन्याच्या विक्रीची बिलं पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये चढवावी लागतात. ती चढली, की १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये घेणाऱ्या कंपनीला आपलं क्रेडिट दिसतं. बिल तिथे दिसलं नाही, की कंपनीचा अकाउंट्स विभाग पैसे थांबवतो. छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने उशिराचा दंड ही किरकोळ बाब. थांबलेले पैसे ही खरी. म्हणून वाक्य झालं: 'बिलं आम्हाला ५ तारखेपर्यंत मिळाली, तर ११ तारखेच्या आत चढवतो, म्हणजे समोरच्या कंपनीला क्रेडिट वेळेत दिसतं.'

पहिल्या खर्ड्यात पुढे 'आणि तुमचे पैसे अडत नाहीत' असंही होतं. ते काढलं. पैसे देणं कंपनीच्या हातात आहे, फर्मच्या नाही. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन होमपेजवर देऊ नये. उलट '५ तारखेपर्यंत मिळाली तर' ही अट जाणूनबुजून ठेवली. पुढे फर्मच्या लोकांकडून असं ऐकलं, की नवे ग्राहक आता पहिल्याच भेटीत विचारतात, बिलं कशी पाठवायची. या परिच्छेदात 'साधारण १ ते १० कोटी उलाढालीचे कारखाने' असंही घातलं. त्याहून मोठ्या कंपनीला इथे पुरेसे हात नाहीत आणि त्याहून छोट्या दुकानदाराला ही फी जड जाते, हे दोन्ही भागीदारांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ते कधी लिहिलं नव्हतं, इतकंच.

आता नियमांबद्दल, कारण सीएच्या होमपेजवर बाकी धंद्यांसारखं काहीही लिहून चालत नाही. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काम मागत फिरण्याला आणि जाहिरातीला बंदी घालणारी कलमं आहेत. २००६ च्या दुरुस्तीने फर्मची आणि सेवांची माहिती देणाऱ्या मजकुराला वाट मिळाली, पण इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक सूचनांच्या चौकटीत. त्या सूचनांचा गाभा असा, की वेबसाइट पाहायला माणसाने स्वतःहून यावं, ती त्याच्यावर लादू नये. इतरांपेक्षा आपण श्रेष्ठ असं म्हणू नये. ग्राहकांची प्रशस्तिपत्रं लावू नयेत. ग्राहकांची नावं आणि फीचे आकडे यांवरही बंधनं आली. हे नियम वेळोवेळी सैल होत आले आहेत, त्यामुळे मजकूर लिहायला घेण्याआधी इन्स्टिट्यूटची ताजी आवृत्ती भागीदारांनी स्वतः वाचावी. लेखकावर ते सोपवू नये, कारण शिस्तभंगाची नोटीस आली तर ती सदस्याला येते.

मला स्वतःला ही बंधनं मजकुराच्या हिताची वाटतात. 'पुण्यातली अग्रगण्य फर्म' लिहिता येत नाही, नामवंत कंपन्यांचे लोगो लावता येत नाहीत, तेव्हा हातात उरतं ते केलेलं काम, ज्याच्यासाठी केलं तो माणूस आणि पुढची पायरी. अनोळखी वाचकाला याहून जास्त काही लागतही नाही. जुन्या पानावरचे 'विश्वासार्ह', 'तज्ज्ञ', 'सर्वोत्तम' हे शब्द नियमामुळे गेले आणि त्या जागी भागीदारांची सदस्यत्वाची वर्षं आणि प्रत्येकाचं कामाचं क्षेत्र आलं. ते पडताळून पाहता येतं.

पुढची पायरी हा तिसरा भाग, आणि सर्वांत जास्त पडझड इथेच होते. जुन्या पानावर नऊ रकान्यांचा फॉर्म होता. त्यात पॅन क्रमांकही मागितला होता आणि वार्षिक उत्पन्नही. अनोळखी फर्मच्या पानावर पॅन भरायला कुणीही कचरतो आणि ते बरोबरच आहे. शिवाय फॉर्म पाठवला की पडद्यावर फक्त 'धन्यवाद' येत असे. नवीन फॉर्ममध्ये चारच रकाने ठेवले: नाव, राहता कुठे, काम काय आणि फोन किंवा ईमेल. बटणावर 'सबमिट' ऐवजी 'भेटीची वेळ मागा' लिहिलं, आणि त्याच्या लगेच खाली हे:

'एका कामाच्या दिवसात आमच्याकडून फोन किंवा ईमेल येईल आणि भेटीची वेळ ठरेल. परदेशातून बोलणाऱ्यांसाठी संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत व्हिडिओ कॉल करतो. बोलण्याआधी खरेदीखत, सूची दोन आणि मागच्या दोन वर्षांत भारतात किती दिवस राहिलात याची नोंद हाताशी ठेवा. आत्ता कुठलाही कागद पाठवू नका. पहिल्या बोलण्यानंतर कामाचा आवाका आणि फी लेखी कळवू. तुम्ही होकार दिल्यावरच काम सुरू होईल.'

संध्याकाळी साडेसहाची वेळ सहज निवडलेली नाही. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे आठ किंवा ऋतूनुसार नऊ वाजलेले असतात आणि माणूस कामाला लागण्याआधी बोलू शकतो. आधी फर्मचा फोन दहा ते सहा एवढाच लागत असे, म्हणजे तिकडे रात्र. 'एका कामाच्या दिवसात' हे लिहिण्याआधी मात्र मी भागीदारांना दोनदा विचारलं. विवरणपत्रांच्या आणि ऑडिटच्या अखेरच्या तारखांच्या सुमारास सगळं ऑफिस रात्री उशिरापर्यंत अडकलेलं असतं. तेव्हा हे पाळता येणार का? शेवटी ठरलं, की त्या आठवड्यांत पानावर 'सध्या उत्तराला तीन दिवस लागतील' अशी ओळ चढवायची आणि हे काम ताईंकडे द्यायचं. वचन मोडण्यापेक्षा ते तात्पुरतं लांबवलेलं बरं.

मजकूर झाला की तपासणी. आम्ही फर्मशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांच्या हातात मोबाइल दिला, पान पाच सेकंद दाखवलं आणि झाकलं. मग विचारलं, हे लोक काय करतात, कुणाचं करतात, तुम्हाला काम असतं तर काय केलं असतं? पहिल्या खेपेला 'कोण' आणि 'काय' सगळ्यांनी सांगितलं, पण पुढे काय करायचं ते दोघांना आठवेना. मोबाइलवर बटण दुसऱ्या पडद्यावर गेलेलं होतं. ते वर आणलं. हस्तांदोलनाचा फोटो तेव्हाच गेला, कारण बटणाची जागा त्याने खाल्ली होती.

त्यानंतरचा निकाल आकड्यांपेक्षा वहीत जास्त स्पष्ट दिसतो. पान किती जणांनी पाहिलं हे कळतं, पण त्यातून फर्मला फारसं काही मिळत नाही. ताईंनी वहीत एक रकाना वाढवला: फोन करणाऱ्याने पहिला प्रश्न कोणता विचारला. 'तुम्ही एनआरआयची कामं करता का?' असा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर पानावरचं ते उत्तर दिसत नाही असं समजायचं. 'माझा इसार अजून झालेला नाही, किती दिवस आधी यावं?' असा प्रश्न आला, तर परिच्छेद वाचला गेलाय. आणि न होणाऱ्या कामांचेच फोन जास्त येत राहिले, तर 'कोणासाठी'ची ओळ अजून ढिली आहे.

एक धोका उरतो, तो शिळ्या माहितीचा. २३ जुलै २०२४ पासून जागेच्या दीर्घकालीन नफ्यावरचा दर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आला आणि परदेशस्थांना महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत राहिली नाही. ज्यांनी होमपेजवर दर छापले होते त्यांची पानं एका दिवसात चुकीची ठरली, आणि करसल्लागाराच्या पानावरचा चुकीचा दर वाचणाऱ्याला लगेच खटकतो. म्हणून आम्ही दर, मर्यादा आणि कलमांचे क्रमांक होमपेजवर घेतलेच नाहीत. ते आतल्या पानांवर आहेत, प्रत्येकावर शेवटच्या तपासणीची तारीख घालून. होमपेजवर तारखा उरल्या त्या फक्त ५ आणि ११. त्या बदलल्या तर ते वाक्य कुणी दुरुस्त करायचं, हे नाव घालून ठरवलं आहे: धाकट्या भागीदार दरवर्षी अर्थसंकल्पानंतरच्या आठवड्यात आणि पुन्हा एप्रिलमध्ये सगळं पान मोठ्याने वाचतात, आणि जिथे थांबावं लागतं तिथे खूण करतात.